पदव्युत्तर प्रवेशासाठी ५५ टक्क्यांची अट: शेवटच्या सत्रात किती गुण हवेत?

पदवीच्या पाच सत्रांच्या गुणपत्रिका हातात आहेत, सहाव्या सत्राची परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे आणि ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करायचा आहे तिथे ‘पदवीला किमान ५५ टक्के’ अशी अट आहे. आतापर्यंतची टक्केवारी ५३ च्या आसपास आहे. अशा वेळी विद्यार्थ्यांच्या मनात पहिला विचार येतो तो असा: दोनच टक्के कमी आहेत, शेवटच्या सत्रात ५७ मिळवले की झाले. हा हिशेब चुकीचा आहे. ५३ वरून ५५ वर जायला सहाव्या सत्रात ५७ नव्हे, तर ६५ टक्के लागतात.

हे का घडते, आपला नेमका आकडा कसा काढायचा आणि आकडा बरोबर काढूनही प्रवेश कुठे अडतो, ते या लेखात पाहू.

## एक टक्का कमी म्हणजे पाच टक्के जास्त

सहा सत्रांना सारखेच गुण असतील, तर शेवटचे सत्र म्हणजे संपूर्ण पदवीचा सहावा हिस्सा. आधीच्या पाचही सत्रांत प्रत्येकी एक टक्का कमी पडला असेल, तर ती पाच सत्रांची तूट एकट्या सहाव्या सत्राला भरून काढावी लागते. म्हणून पाच सत्रांची एकत्रित टक्केवारी ५५ पेक्षा जितकी कमी, त्याच्या पाचपट जास्त टक्के सहाव्या सत्रात ५५ च्या वर मिळवावे लागतात.

| पाच सत्रांची एकत्रित टक्केवारी | सहाव्या सत्रात हवे असलेले टक्के |
|---|---|
| ५६ | ५० |
| ५५ | ५५ |
| ५४ | ६० |
| ५३ | ६५ |
| ५२ | ७० |
| ५१ | ७५ |
| ५० | ८० |

याच नियमाने एक टोकाची मर्यादाही कळते. पाच सत्रांची टक्केवारी ४६ असेल, तर शेवटच्या सत्रात शंभरपैकी शंभर टक्के लागतात. त्याखाली असलेल्या विद्यार्थ्याला सहाव्या सत्रातून ५५ गाठणे गणितानेच शक्य नाही. चार वर्षांच्या, म्हणजे आठ सत्रांच्या पदवीत तूट पाचपट नव्हे, सातपट होते. तिथे सात सत्रांनंतर ५३ टक्के असतील तर आठव्या सत्रात ६९ लागतात.

## टक्के नकोत, गुण मोजा

वरचा तक्ता अंदाजासाठी आहे. नेमका आकडा काढताना टक्के बाजूला ठेवून गुणपत्रिकेवरचे प्रत्यक्ष गुण घ्यावेत. सूत्र साधे आहे:

```
हवे असलेले गुण = (सहाही सत्रांचे एकूण कमाल गुण × ०.५५) − पाच सत्रांत मिळालेले गुण
```

समजा, बीएस्सीच्या एका विद्यार्थिनीच्या पदवीत प्रत्येक सत्र ६०० गुणांचे आहे. तिला पहिल्या पाच सत्रांत अनुक्रमे २८९, ३०१, ३१८, ३३४ आणि ३४७ गुण मिळाले. बेरीज १५८९. तीन हजारांपैकी १५८९ म्हणजे सुमारे ५२.९७ टक्के.

संपूर्ण पदवी ३६०० गुणांची. त्याचे ५५ टक्के म्हणजे १९८०. त्यातून १५८९ वजा केले की उरतात ३९१. म्हणजे सहाव्या सत्रात तिला ६०० पैकी किमान ३९१ गुण हवेत, सुमारे ६५.१७ टक्के. तिचे आतापर्यंतचे सर्वांत चांगले सत्र पाचवे होते आणि त्यात तिला ३४७ मिळाले होते. तेव्हा प्रश्न ‘६५ टक्के मिळतील का’ असा न विचारता ‘मागच्या सत्रापेक्षा ४४ गुण जास्त कुठून येतील’ असा विचारावा. त्याचे उत्तर शोधता येते.

## ते ४४ गुण कुठून येतील?

बहुतेक विद्यापीठांत प्रत्येक विषयाचे गुण दोन भागांत असतात: अंतर्गत मूल्यमापन आणि विद्यापीठाची सत्रान्त परीक्षा. हे प्रमाण विद्यापीठानुसार बदलते. या उदाहरणात सहा विषय, प्रत्येकी ४० गुण अंतर्गत आणि ६० गुण सत्रान्त परीक्षेचे असे धरू. म्हणजे अंतर्गत गुण एकूण २४० आणि सत्रान्त परीक्षेचे ३६०.

पाचव्या सत्रात तिला अंतर्गत १६५ आणि सत्रान्त परीक्षेत १८२ गुण होते, असे समजू. आता सहाव्या सत्रात चाचण्या, प्रात्यक्षिक वही, सादरीकरण हे सगळे वेळेत पूर्ण करून तिने अंतर्गत गुण १७८ पर्यंत नेले, तर सत्रान्त परीक्षेसाठी ३९१ वजा १७८, म्हणजे २१३ गुण उरतात. ३६० पैकी २१३ म्हणजे सुमारे ५९ टक्के, प्रत्येक विषयात ६० पैकी सरासरी साडेपस्तीस. मागच्या सत्रात हीच सरासरी तीसच्या थोडी वर होती. याचा अर्थ प्रत्येक विषयात साधारण पाच गुणांची वाढ. काम अवघड आहे, पण डोळ्यांसमोर मांडता येण्यासारखे आहे.

तेच अंतर्गत गुण १५० वर थांबले, तर सत्रान्त परीक्षेत २४१ लागतील. म्हणजे सुमारे ६७ टक्के, प्रत्येक विषयात ६० पैकी चाळीसहून अधिक. अंतर्गत गुण परीक्षेच्या आधी ठरतात आणि ते पुढे बदलत नाहीत. त्यामुळे ५५ ची लढाई बऱ्याचदा लेखी परीक्षा सुरू होण्याआधीच अर्धी झालेली असते. महाविद्यालयाने अंतर्गत गुण जाहीर केले की लगेच हा हिशेब पुन्हा करावा आणि नोंदीत चूक दिसली तर ते गुण विद्यापीठाकडे जाण्याआधीच विषय शिक्षकांच्या लक्षात आणून द्यावी.

## टक्क्यांची सरासरी काढण्याची चूक

सर्वाधिक विद्यार्थी फसतात ते इथे. प्रत्येक सत्राची टक्केवारी घेऊन तिची सरासरी काढणे सोपे वाटते, पण सगळ्या सत्रांचे कमाल गुण सारखे असतील तरच ती बरोबर येते. अनेक अभ्यासक्रमांत शेवटच्या वर्षात विषय, प्रात्यक्षिके किंवा प्रकल्प वाढतात आणि सत्राचे एकूण गुणही वाढतात.

समजा, पहिली चार सत्रे ५०० गुणांची आणि शेवटची दोन ६०० गुणांची आहेत. एका विद्यार्थ्याला पहिल्या चारही सत्रांत ५७ टक्के मिळाले, म्हणजे २००० पैकी ११४०. पाचव्या सत्रात तो घसरला आणि ६०० पैकी २७६, म्हणजे ४६ टक्क्यांवर आला. टक्क्यांची सरासरी काढली तर ५४.८ येते. त्यावरून त्याने सहाव्या सत्रात ५६ टक्के पुरतील असा अंदाज बांधला. ६०० चे ५६ टक्के म्हणजे ३३६ गुण, आणि समजा त्याला तेवढेच मिळाले.

आता प्रत्यक्ष गुणांची बेरीज पाहू. ११४०, २७६ आणि ३३६ मिळून १७५२. संपूर्ण पदवी ३२०० गुणांची, त्याचे ५५ टक्के १७६०. तो आठ गुणांनी मागे राहिला. त्याला खरे तर ३४४ गुण हवे होते, म्हणजे सुमारे ५७.३ टक्के. मेहनतीत कमी पडला नाही, बेरजेत पडला. कमी गुणांचे सत्र जितके मोठे, तितके ते एकूण टक्केवारीला जास्त खाली ओढते.

## ५४.९७ म्हणजे ५५ नव्हे

वरच्या विद्यार्थिनीला ३९१ ऐवजी ३९० गुण मिळाले तर काय होईल? बेरीज १९७९ आणि टक्केवारी ५४.९७. बोलताना कोणीही त्याला पंचावन्न म्हणेल. प्रवेश समिती म्हणेलच असे नाही.

आयआयटींमधील एमएस्सी आणि इतर पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी होणाऱ्या जॅम परीक्षेच्या २०२० च्या अटी या बाबतीत नमुना म्हणून पाहण्यासारख्या आहेत. खुला, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गांसाठी ५५ टक्के किंवा १० पैकी ५.५ सीजीपीए, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ५० टक्के किंवा ५.० अशी मर्यादा होती. ही टक्केवारी पूर्णांकात न बदलता धरायची, असेही तिथे स्पष्ट म्हटले होते. शिवाय भाषा आणि दुय्यम विषयांसह सगळे विषय आणि सगळी वर्षे मिळून ती काढायची होती.

अशा अटी दरवर्षी आणि संस्थेनुसार बदलतात, म्हणून चालू वर्षाची माहितीपुस्तिकाच ग्राह्य धरावी. पण ती वाचताना नेमके काय शोधायचे, ते या एका उदाहरणातून कळते: आपल्या प्रवर्गाची मर्यादा, पूर्णांकाबद्दलचा नियम, आणि कोणते विषय व कोणती वर्षे मोजली जातात. आरक्षित प्रवर्गाची सवलत ईडब्ल्यूएसलाही मिळेल असे गृहीत धरू नये. वरच्या उदाहरणात ती नव्हती.

## ‘एकत्रित टक्केवारी’ नेमकी कशाची?

‘पदवीला ५५ टक्के’ या शब्दांचे तीन वेगळे अर्थ होऊ शकतात आणि प्रत्येक अर्थाने उत्तर बदलते.

पहिला अर्थ, सगळी सत्रे आणि सगळे विषय. वरचे सगळे हिशेब याच अर्थाने केले आहेत.

दुसरा अर्थ, फक्त शेवटचे वर्ष. काही विद्यापीठांच्या जुन्या पद्धतीत पदवीचा वर्ग अंतिम वर्षाच्या गुणांवर ठरत असे. आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनीचे अंतिम वर्ष १२०० गुणांचे, त्याचे ५५ टक्के ६६०. पाचव्या सत्रात ३४७ मिळाले असल्याने तिला सहाव्यात फक्त ३१३ गुण, म्हणजे सुमारे ५२ टक्के पुरतील. मात्र आपल्या विद्यापीठाच्या प्रमाणपत्रावर याप्रमाणे टक्केवारी लिहिली असली, तरी प्रवेश देणारी संस्था सगळी वर्षे मोजत असेल तर संस्थेचाच नियम चालतो. ती सहाही गुणपत्रिका मागते ते यासाठीच.

तिसरा अर्थ, केवळ मुख्य विषयाचे गुण. ‘संबंधित विषयात ५५ टक्के’ असे लिहिले असेल तर भाषा, पर्यावरण किंवा कौशल्य विषयात मिळालेले चांगले गुण उपयोगी पडत नाहीत. काही ठिकाणी एकत्रित टक्केवारी आणि मुख्य विषय अशा दोन्ही अटी एकाच वेळी असतात. तेव्हा दोन स्वतंत्र बेरजा कराव्या लागतात आणि दोन्ही पूर्ण व्हाव्या लागतात.

## गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर

आता अनेक विद्यापीठांच्या गुणपत्रिकेवर टक्के नसतात, ग्रेड आणि सीजीपीए असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा अंकी पद्धतीत ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५ आणि केवळ उत्तीर्ण असलेल्या ‘पी’ला ४ ग्रेड पॉइंट असतात. प्रत्येक विषयाचे ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणून बेरीज करायची आणि तिला एकूण क्रेडिटने भागायचे, की एका सत्राचा एसजीपीए मिळतो. सगळ्या सत्रांचा मिळून सीजीपीए. इथे गुणांच्या जागी क्रेडिट येतात, बाकी गणित तेच राहते.

खरी अडचण सीजीपीएचे टक्के करताना येते, कारण त्याचे देशभर एकच सूत्र नाही. जॅमच्या वर सांगितलेल्या अटीत ५५ टक्क्यांशेजारी ५.५ सीजीपीए होता, म्हणजे सरळ दहाने गुणाकार. एआयसीटीईच्या तक्त्यात मात्र ६.२५ सीजीपीए म्हणजे ५५ टक्के. ते सूत्र असे:

```
टक्केवारी = (सीजीपीए − ०.७५) × १०
```

हा फरक किती मोठा आहे ते पाहू. समजा, प्रत्येक सत्र २२ क्रेडिटचे आहे आणि पाच सत्रांनंतर, म्हणजे ११० क्रेडिटनंतर, एका विद्यार्थ्याचा सीजीपीए ५.८६ आहे. त्याचे आतापर्यंतचे क्रेडिट पॉइंट ११० गुणिले ५.८६, म्हणजे ६४४.६.

प्रवेश देणारी संस्था ५.५ मागत असेल, तर १३२ क्रेडिटसाठी ७२६ पॉइंट हवेत. उरले ८१.४, भागिले २२, म्हणजे सहाव्या सत्रात ३.७ एसजीपीए. सगळे विषय नुसते उत्तीर्ण झाले तरी ४ मिळतात, म्हणजे तो जवळजवळ पोहोचलाच आहे.

संस्था ६.२५ धरत असेल, तर ८२५ पॉइंट हवेत. उरले १८०.४, भागिले २२, म्हणजे ८.२ एसजीपीए. प्रत्येक विषयात ‘ए’ मिळवूनही हा आकडा पूर्ण होत नाही, दोन-तीन विषयांत ‘ए प्लस’ लागतो. विद्यार्थी तोच, गुणपत्रिका तीच, पण एका ठिकाणी प्रवेश सोपा आणि दुसऱ्या ठिकाणी जवळपास अशक्य.

त्यामुळे सीजीपीए असलेल्यांनी अभ्यासाचे वेळापत्रक आखण्याआधी सूत्र शोधावे. बहुतेक माहितीपुस्तिकांत ‘विद्यार्थ्याच्या विद्यापीठाचे सूत्र मान्य’ किंवा ‘आमचे सूत्र लागू’ यांपैकी एक लिहिलेले असते. पहिला पर्याय असेल, तर आपल्या विद्यापीठाचे अधिकृत रूपांतर प्रमाणपत्र लागते. हे सूत्र काही गुणपत्रिकांच्या मागच्या बाजूला छापलेले असते. नसेल तर परीक्षा विभागाकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून निकालाची वाट न पाहता आधीच चौकशी करून ठेवावी.

## एटीकेटी आणि निकालाची तारीख

राहिलेल्या विषयाचा हिशेबावर दुहेरी परिणाम होतो. चौथ्या सत्रातील एका विषयात १०० पैकी २८ मिळून तो राहिला असेल, तर बेरजेत २८ धरू नयेत. फेरपरीक्षेत मिळतील ते गुण त्यांची जागा घेतात. फेरपरीक्षेत ५५ मिळाले तर एकूण बेरीज २७ ने वाढते आणि सहाव्या सत्राचे ओझे तेवढेच हलके होते. हे २७ गुण मिळवणे सहाव्या सत्रातील चांगल्या विषयात गुण वाढवण्यापेक्षा अनेकदा सोपे असते.

दुसरा परिणाम तारखेचा. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना सहसा अर्ज करू देतात आणि प्रवेशही तात्पुरता मिळतो, पण अट पूर्ण झाल्याचा पुरावा ठरलेल्या मुदतीत द्यावा लागतो. टक्केवारी ५५ च्या वर असूनही एक विषय राहिल्यामुळे पदवी पूर्ण नसेल, तर त्या ५५ चा उपयोग होत नाही.

## निकाल लागला आणि दोन-चार गुण कमी पडले तर

आधी बेरीज तपासावी: सहाही गुणपत्रिकांवरचे गुण, फेरपरीक्षेचे सुधारित गुण, अंतर्गत गुणांची नोंद. कुठे शून्य किंवा ‘अनुपस्थित’ चुकून पडले आहे का, तेही पाहावे. त्यानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी. न तपासलेले उत्तर किंवा बेरजेतील चूक दिसली, तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा. छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाची मुदत निकालानंतर मोजक्याच दिवसांची असते. अंतर्गत आणि प्रात्यक्षिक गुणांना पुनर्मूल्यांकन सहसा लागू नसते. आणि त्यातून गुण वाढतीलच याची खात्री नसते, काही नियमांनुसार ते कमीही होऊ शकतात.

काही विद्यापीठे पदवीनंतर श्रेणीसुधार परीक्षेची संधी देतात. ती कोणत्या सत्रांसाठी आहे, किती काळात द्यायची आणि जुने व नवे यांपैकी कोणते गुण धरले जातात, हे त्या विद्यापीठाच्या परीक्षा नियमांत असते. तिचा निकाल बहुधा पुढच्या प्रवेश वर्षासाठीच कामाला येतो.

चालू वर्ष वाया जाऊ द्यायचे नसेल, तर दुसरा अर्ज आधीच भरलेला असावा. सगळीकडे मर्यादा ५५ ची नसते. महाराष्ट्रात सीईटीद्वारे होणाऱ्या एमबीए आणि एमसीए प्रवेशांसाठी खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राज्यातील आरक्षित प्रवर्गांना ४५ टक्के अशी किमान अट आहे. एमसीएला याशिवाय गणिताची अटही पाहावी लागते.

उदाहरणातील विद्यार्थिनीसाठी ५० ची मर्यादा म्हणजे ३६०० पैकी १८००. तिच्याकडे १५८९ आधीच आहेत, म्हणजे सहाव्या सत्रात २११ गुण, सुमारे ३५ टक्के पुरतात. बहुतेक ठिकाणी उत्तीर्ण व्हायलाच त्याहून जास्त गुण लागतात. एकाच कागदावर दोन आकडे लिहून ठेवावेत: ५५ साठी ३९१ आणि ५० साठी २११. पहिल्या आकड्यासाठी अभ्यास करायचा आणि दुसऱ्याच्या भरवशावर किमान एक अर्ज मुदतीत भरायचा.